श्रेय मोसमाचं, बिल जाहिरातीचं

एप्रिलच्या मध्यावर ऑनलाइन हापूस विकणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याच्या हातात एक रिपोर्ट पडतो. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं: ‘मार्चच्या तुलनेत ऑर्डर जवळजवळ पावणेतीन पट!’ शेजारी हिरवा बाण, आणि खाली पुढच्या महिन्याचं वाढीव बजेट. व्यापारी खूश होतो आणि मंजुरी देतो. एप्रिलमध्ये मार्चपेक्षा जास्त हापूस विकला जाणार, हे त्याला शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं. पण रिपोर्टमध्ये मोसमाला जागा नाही. तिथे फक्त जाहिरात आहे.

मग मे संपत येतो. ऑर्डर घसरतात. आता तीच एजन्सी म्हणते, ‘मार्केटच डाऊन आहे.’ म्हणजे ऑर्डर वाढल्या तेव्हा काम जाहिरातीचं आणि घटल्या तेव्हा दोष बाजाराचा. हा हिशेब अप्रामाणिक आहे, आणि तो खपवून घेणाऱ्या व्यापाऱ्याचीही त्यात चूक आहे. काही व्यापारी दुसऱ्या टोकाला जातात. मेमध्ये ऑर्डर घटल्या की एजन्सी बदलतात. तिनं त्या महिन्यात उत्तम काम केलं असेल, हे तपासायचे कष्ट तेही घेत नाहीत.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली म्हणून फांदी कावळ्यानं तोडली असं होत नाही. हे आपल्याला कळतं. पैशाच्या व्यवहारात मात्र आपण दर महिन्याला कावळ्याला बक्षीस देतो.

यावर उपाय आहे, फुकट आहे आणि अर्ध्या तासात होतो. लोक ती वस्तू किती शोधताहेत हे गूगल ट्रेंड्सवर पाहायचं आणि आपल्या ऑर्डर त्या आकड्याशेजारी ठेवायच्या. शोध तिप्पट झाला आणि ऑर्डरही तिप्पट झाल्या, तर जाहिरातीनं नवं काही केलं नाही, ती बाजाराबरोबर चालली. शोध तिप्पट आणि ऑर्डर दुप्पट, तर आपण मागे पडलो, रिपोर्टवरचा बाण कितीही हिरवा असो. शोध निम्म्यावर आला आणि ऑर्डर पाऊणपट राहिल्या, तर आपलं काम सुधारलं, बाण लाल असला तरी.

आधी हा ट्रेंड्सचा आकडा काय आहे ते नीट समजून घ्या, कारण निम्म्या चुका इथेच होतात. ट्रेंड्स शोधांची संख्या सांगत नाही. निवडलेल्या प्रदेशात त्या काळात झालेल्या सगळ्या शोधांमध्ये आपल्या शब्दाचा वाटा किती, हे तो मोजतो. निवडलेल्या मुदतीत तो वाटा जिथे सर्वांत जास्त, त्या बिंदूला 100 म्हणतो आणि बाकीचे बिंदू त्या प्रमाणात मांडतो. त्यामुळे मुदत बदलली की आकडे बदलतात. फक्त मार्चचा आलेख काढला तर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात 100 दिसेल. पाच वर्षांचा काढला तर त्याच आठवड्याला 30 दिसू शकेल. दोन्ही खरे आहेत, पण एकाच्या शेजारी दुसरा ठेवला तर हिशेब कोसळतो. म्हणून एकच मुदत घ्या, पाच वर्षांची. त्यात आठवड्याचे आकडे मिळतात आणि मागचे मोसमही त्याच मापात दिसतात. प्रदेश महाराष्ट्र निवडा, आणि पुण्या-मुंबईतच पेट्या पोहोचवत असाल तर जगाचा आलेख पाहू नका.

आता हिशेब करून बघू. पुण्यातला एक विक्रेता समजा. खालचे आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत, पण रीत खरी आहे. ऑर्डर म्हणजे इथे गूगलच्या शोधात दिसणाऱ्या जाहिरातींतून आलेल्या ऑर्डर तेवढ्याच. मार्चच्या मध्यावरच्या एका आठवड्यात ट्रेंड्सचा आकडा 20 होता आणि ऑर्डर 50. एप्रिलच्या सुरुवातीला एजन्सीनं जाहिरातीचा मजकूर बदलला. रोजचं बजेट होतं तेवढंच ठेवलं. एप्रिलच्या मध्यावर ट्रेंड्स 60 झाला आणि ऑर्डर 135.

50 वरून 135, म्हणजे 2.7 पट. रिपोर्टवर झळकणारा आकडा हाच. आता भागाकार करा. मार्चमध्ये ट्रेंड्सच्या एका अंकामागे अडीच ऑर्डर होत्या. एप्रिलमध्ये त्या सव्वादोन झाल्या. बाजार तिप्पट झाला, त्या हिशेबानं 150 ऑर्डर यायला हव्या होत्या. आल्या 135. म्हणजे विक्रेता बाजारापेक्षा 10 टक्के मागे पडला, आणि त्याच आठवड्यात त्याचं अभिनंदन झालं.

घाईत निकाल लावणारा इथे थांबेल आणि म्हणेल, नवी जाहिरात फसली. थांबू नका. गूगल अ‍ॅड्समध्ये Search impr. share नावाचा एक रकाना असतो. आपली जाहिरात जितक्या वेळा दिसू शकली असती, त्यांपैकी प्रत्यक्षात किती टक्के वेळा दिसली, हे तो सांगतो. शेजारच्या रकान्यात बजेट अपुरं पडल्यामुळे किती टक्के संधी गेली तेही मिळतं. आपल्या विक्रेत्याचा हा वाटा मार्चमध्ये 60 टक्के होता आणि एप्रिलमध्ये 45 टक्के. कारण सरळ आहे. शोधणारे तिप्पट झाले, बोली लावणारे विक्रेतेही वाढले, आणि रोजचं बजेट तेवढंच. पैसे लवकर संपत गेले आणि त्यानंतर शोधणाऱ्यांना जाहिरात दिसलीच नाही.

60 चे 45 झाले, म्हणजे दिसण्याचा वाटा पाऊणपट. तरीही ऑर्डर अपेक्षेच्या 0.9 पट आल्या. 0.9 ला 0.75 नं भागा, उत्तर येतं 1.2. जिथे जिथे जाहिरात दिसली, तिथे तिनं आधीपेक्षा 20 टक्के जास्त काम केलं. नवा मजकूर चांगला होता, बजेट अपुरं होतं. एजन्सीनं ‘पावणेतीन पट’ म्हणून ढोल बडवला आणि स्वतःचं खरं कर्तृत्व मात्र रिपोर्टमध्ये लिहिलंच नाही, कारण तिनंही ते मोजलं नव्हतं.

तोच विक्रेता मेच्या अखेरीस पाहू. ट्रेंड्स 30 वर उतरला, ऑर्डर 84. एप्रिलच्या 135 शी तुलना केली तर 38 टक्के घट. इथे एजन्सीला नारळ मिळतो. भागाकार मात्र सांगतो, एका अंकामागे 2.8 ऑर्डर, म्हणजे तिन्ही आठवड्यांत सर्वांत जास्त. मार्चच्या हिशेबानं 75 यायला हव्या होत्या, आल्या 84, म्हणजे 12 टक्के जास्त. दिसण्याचा वाटाही पुन्हा 60 वर आला होता, तेव्हा ही वाढ त्या वाट्यामुळे नाही.

पण ही 12 टक्के वाढ सगळीच्या सगळी जाहिरातीच्या खात्यावर मांडू नका. मेमध्ये आवक वाढलेली असते, पेटीचा भाव मार्चच्या मानानं बराच उतरलेला असतो. मार्चमध्ये भाव ऐकून मागे फिरणारं गिऱ्हाईक मेमध्ये पेटी घेतं. ट्रेंड्सनं बाजारातली शोधाशोध हिशेबातून बाजूला काढली, एवढंच त्याचं काम. उरलेल्या भागात जाहिरात आहे, भाव आहे, मालाचा दर्जा आहे, घरपोच पोहोचवण्याचा वेळ आहे, आणि शेजारच्या विक्रेत्याकडचा माल संपला हेही आहे. म्हणून भागाकाराच्या रकान्याशेजारी आणखी दोन रकाने ठेवा: त्या आठवड्यातला डझनाचा भाव, आणि माल नव्हता असे दिवस. माल नव्हता तर ऑर्डर घटणारच. तो आठवडा जाहिरातीच्या परीक्षेतून वगळा.

ट्रेंड्सला टाळून सोपा रस्ता शोधणारे म्हणतात, ‘गेल्या वर्षीच्या एप्रिलशी तुलना करा, मोसम आपोआप निघून जाईल.’ आंब्यात हे चालत नाही. अक्षय्य तृतीया 2023 मध्ये 22 एप्रिलला होती, 2024 मध्ये 10 मेला, 2025 मध्ये 30 एप्रिलला. सणाला आमरस लागतो, त्यामुळे खरेदी सणाभोवती गोळा होते. 2024 च्या एप्रिलची 2023 च्या एप्रिलशी तुलना केली तर सण महिन्याबाहेर गेलेला, आणि चांगली जाहिरातही वाईट दिसू शकते. 2025 ची 2024 शी केली तर सण परत एप्रिलमध्ये, आणि सुमार जाहिरातीलाही शाबासकी मिळू शकते. त्यात मोहोर, अवकाळी पाऊस आणि उष्णता यांमुळे मोसम कधी लवकर येतो, कधी लांबतो. तारखेला तारीख लावून हे निघत नाही. शोधाची रेषा मात्र सणाबरोबर सरकते, मोसमाबरोबरही सरकते. म्हणून ती लागते.

आता सर्वांत नाजूक भाग, शब्द कोणता निवडायचा. इथे आळस केला तर वरचा सगळा हिशेब नेटका दिसेल आणि चुकीचा असेल.

‘alphonso’ एवढाच शब्द टाकलात तर त्यात अल्फोन्सो डेव्हिस हा कॅनडाचा फुटबॉलपटूही येईल. तो बायर्न म्युनिककडून गाजलेला एखादा सामना खेळला की तुमचा आंब्याचा बाजार तेजीत आल्यासारखा दिसेल. नुसतं ‘देवगड’ टाकलंत तर मेच्या सुट्टीत किनाऱ्यावर हॉटेल शोधणारे त्यात शिरतील. नुसतं ‘mango’ म्हटलंत तर त्या नावाचा कपड्यांचा ब्रँडही आत येईल. म्हणून ‘alphonso mango’, ‘hapus’, ‘devgad hapus’, ‘हापूस आंबा’ असे शब्द वेगवेगळे काढून पाहा. ट्रेंड्स एका वेळी अनेक शब्दांची तुलना करू देतो. त्यांच्या रेषा एकत्र चढत-उतरत असतील तर तुम्ही बाजारच मोजताय. एखादीच वेगळी उसळली तर तिथे बातमी किंवा दुसराच अर्थ शिरलाय. आणि लिपी विसरू नका. आपलं गिऱ्हाईक हापूस देवनागरीतही शोधतं आणि रोमन अक्षरांतही. ट्रेंड्स शब्द जसा लिहिला तसाच मोजतो.

आपल्या दुकानाचं किंवा ब्रँडचं नाव मोजणीसाठी कधीही घेऊ नका. जाहिरात चांगली चालली की लोक तुमचं नाव शोधू लागतात. त्याच आकड्यानं ऑर्डर भागल्या तर जाहिरातीनं कमावलेलं तुम्ही स्वतःच खोडून टाकाल. हीच अडचण मोठ्या कंपन्यांना वस्तूच्या सर्वसाधारण नावाबाबतही येते. टीव्हीवर महिनाभर मोहीम चालवणारी कंपनी अख्ख्या राज्यात त्या वस्तूचा शोध वाढवू शकते. तिच्या बाबतीत शोधातली वाढ ही काही अंशी जाहिरातीचीच कमाई असते, आणि सरसकट भागाकार तिच्यावर अन्याय करतो. छोट्या विक्रेत्याला ही चिंता नाही. त्याच्या जाहिरातीनं महाराष्ट्राचा हापूसचा शोध हलत नाही.

बातमीचा सापळा वेगळा. मोसमाच्या आधी वाशीच्या बाजारात हापूसची पहिली पेटी आली, की वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवर बातमी येते. लोक कुतूहलानं शोधतात, विकत घेत नाहीत. त्या आठवड्यात ट्रेंड्सचा आकडा फुगेल आणि जाहिरात नापास दिसेल. हा घोटाळा खुद्द गूगललाही भोवला आहे. ‘गूगल फ्लू ट्रेंड्स’ 2008 मध्ये सुरू झालं. लोकांच्या शोधांवरून अमेरिकेतल्या फ्लूच्या साथीचा अंदाज ते बांधत असे. 2012-13 च्या हिवाळ्यात त्याचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा फारच वर गेला, आणि बातम्या वाचून निरोगी लोकांनीच केलेले शोध हे त्याचं एक कारण मानलं जातं. 2015 मध्ये ते बंद झालं. शोध म्हणजे आजार नव्हे आणि शोध म्हणजे खरेदीही नव्हे. शोध आणि खरेदी यांचं प्रमाण साधारण स्थिर असतं तोवरच हा हिशेब चालतो. बातमीचा आठवडा ओळखा आणि बाजूला ठेवा.

तीन बारीक गोष्टी, पण पैसे बुडवणाऱ्या. पहिली, ट्रेंड्सचा आठवडा रविवारी सुरू होऊन शनिवारी संपतो. तुमचा ऑर्डरचा तक्ता सोमवारपासून असेल तर आधी तो जुळवा. चालू आठवडा अपुरा असतो, तो हिशेबात घेऊ नका. दुसरी, ट्रेंड्स पूर्णांकात बोलतो आणि नमुन्यावर चालतो. आकडा 20 असेल तर पूर्णांक करताना अडीच टक्क्यांपर्यंत चूक होते. आकडा 4 असेल तर तीच चूक साडेबारा टक्क्यांपर्यंत जाते. त्यामुळे जानेवारीतल्या आठवड्याला आधार मानून एप्रिलचा निकाल लावू नका. तेच आकडे दोन-तीन वेगळ्या दिवशी उतरवून घेऊन त्यांची सरासरी काढा. या सगळ्या गोंगाटात पाच टक्क्यांचा फरक म्हणजे काहीच नाही. एका आठवड्याच्या वीस टक्क्यांनीही हुरळून जाऊ नका. तोच कल तीन-चार आठवडे टिकला तर बोला.

तिसरी गोष्ट म्हणजे शोध आधी, खरेदी नंतर. आंब्यात अंतर थोडं असतं, फार तर काही दिवसांचं. फ्लॅट, लग्नाचा हॉल किंवा कॉलेज प्रवेश यांत ते आठवड्यांचं, महिन्यांचं असतं. मागच्या मोसमाच्या ऑर्डर एक, दोन, तीन आठवडे मागे सरकवून पाहा. शोधाच्या रेषेशी ज्या जागी उत्तम जुळतील, तेवढं तुमच्या धंद्याचं अंतर. ते न पाहता भागाकार केला, तर चढत्या बाजारात जाहिरात उगाच वाईट आणि उतरत्या बाजारात उगाच चांगली दिसेल. मेच्या अखेरच्या 84 ऑर्डरमध्ये आदल्या आठवड्यातल्या शोधांचाही वाटा असू शकतो, हे विसरू नका.

एवढं केल्यावरही एक प्रश्न ट्रेंड्सच्या आवाक्याबाहेर राहतो. जाहिरात नसती तरी हे गिऱ्हाईक आलं असतं का? 2012 मध्ये ईबेनं अमेरिकेत याची परीक्षा घेतली. स्वतःच्या नावाच्या शोधांवर दिसणाऱ्या जाहिराती काही सर्च इंजिनांवर बंद केल्या. जाहिरातीवर क्लिक करणारे जवळजवळ सगळे लोक खालच्या फुकट दुव्यावर क्लिक करून ईबेवर आलेच. थॉमस ब्लेक, क्रिस नॉस्को आणि स्टीव्हन टाडेलिस यांचा त्यावरचा शोधनिबंध 2015 मध्ये ‘इकॉनोमेट्रिका’त छापून आला. छोट्या, अनोळखी विक्रेत्याला ईबेचा निष्कर्ष जसाच्या तसा लागू नाही, लोकांना त्याचं नावच ठाऊक नसतं. पण रीत लागू आहे. दोन आठवडे पुण्यात जाहिरात चालू ठेवा, नाशिकमध्ये बंद ठेवा. यावेळी जाहिरातीतल्याच नव्हे तर दोन्ही शहरांतल्या एकूण ऑर्डर मोजा, आणि त्या शहराच्या आधीच्या प्रमाणाशी ताडून पाहा. नाशिक फारसं घसरलं नाही, तर तुम्ही आपोआप येणाऱ्या गिऱ्हाइकासाठी पैसे भरत होता. ही परीक्षा मोसमाच्या ऐन भरात करायला छाती लागते, म्हणून ती फार थोडे करतात. ट्रेंड्सचा भागाकार मात्र कुणीही करू शकतो, आणि तो न करायला कसलीच सबब नाही.

एजन्सीवाल्यांना सरळ सांगतो, बाजाराची वाढ स्वतःच्या नावावर खपवू नका. मेमध्ये बाजार उतरला की तोच खोटा हिशेब तुमच्या अंगावर येतो, आणि तेव्हा तुमचं खरं काम दाखवायला तुमच्याकडे कागद नसतो. व्यापाऱ्यांना सांगणं त्याहून साधं आहे. पुढचा रिपोर्ट आला की ऑर्डरच्या रेषेशेजारी शोधाची रेषा मागा, शब्द कोणता आणि प्रदेश कोणता ते विचारा, दिसण्याचा वाटा विचारा, आणि भावाचा रकाना स्वतः भरा. हे सगळं नसलेल्या रिपोर्टवर एक रुपयाही वाढवू नका.